गेम्सच्या पिरियडमध्ये लक्ष उडणारी मुलं: या चुका टाळा

गेम्सच्या पिरियडमध्ये सगळ्यात जास्त ओरडा खाणारं पोर बहुतेक वेळा खेळताना बिघडत नाही. ते बिघडतं रांगेत उभं असताना, सूचना चालू असताना, नाहीतर एक खेळ संपून दुसरा सुरू व्हायच्या मधल्या वेळात. एखाद्या पिरियडला घड्याळ लावून पाहा. त्याने शेजारच्याला ढकललं, कोन लाथाडला किंवा पाण्याच्या टाकीकडे पळालं, तेव्हा बाकीचा वर्ग काय करत होता? बहुधा काहीच करत नव्हता.

लांब रांग

इंदूरच्या आमच्या बहुतेक शाळांमध्ये एका वर्गात चाळीस-बेचाळीस मुलं, चाळीस मिनिटांचा पिरियड आणि धड हवा भरलेले चार बास्केटबॉल. मग चार रांगा होतात, एकेका रांगेत दहा-अकरा मुलं. ड्रिबल करत कोनापर्यंत जाऊन परत यायला एकाला साधारण 20 सेकंद लागतात. म्हणजे अकरा जणांच्या रांगेत प्रत्येकाने 20 सेकंद पळायचं आणि 200 सेकंद उभं राहायचं. पंधरा मिनिटांत चार पाळ्या मिळतात, मिळून जेमतेम 80 सेकंदांची हालचाल. ज्याला वाट बघणंच सगळ्यात अवघड जातं, त्याच्याकडून आपण नेमकं तेच करून घेतो, आणि वर वहीत ‘शिस्त नाही’ असं लिहितो.

रांगा मोडा आणि तिघांचे गट करा. बेचाळीस मुलांचे चौदा गट होतात. चौदा बास्केटबॉल कुठून आणायचे, हा प्रश्न रास्त आहे. पण टप्प्यांचा सराव टेनिसच्या किंवा रबरी चेंडूवरही होतो, चारच गटांना मोठा बॉल द्या आणि तो फिरवत राहा. गटातला एक ड्रिबल करतो, दुसरा हात पसरून बाजूबाजूने सरकत अडवतो आणि तिसरा जागच्या जागी जॉगिंग करत टप्पे मोठ्याने मोजतो. दर 30 सेकंदांनी भूमिका बदलायची. पंधरा मिनिटांत प्रत्येकाच्या दहा पाळ्या होतात. बदलाबदलीचा वेळ वजा केला तरी बॉल हातात साधारण चार मिनिटं राहतो. सगळ्यात मोठा फरक म्हणजे नुसतं उभं कुणीच राहत नाही.

भूमिका दिली, पण बसवून

‘तू आज स्कोअरर’ असं म्हणून चळवळ्या मुलाला कट्ट्यावर बसवणं ही हमखास होणारी चूक. भूमिका म्हणून ती छान दिसते, पण त्या मुलाच्या दृष्टीने ती शिक्षाच असते, आणि पाचव्या मिनिटाला पाटी त्याच्या डोक्यावर उलटी असते. भूमिकेत हालचाल हवी आणि ती दिसायला हवी. मोजणाऱ्याच्या मनगटात लाल रबरी रिंग घाला. भूमिका बदलली की रिंगही हातातून हातात जाते. ‘आता माझं काम काय?’ हे मग त्याला आठवावं लागत नाही, मनगटाकडे बघितलं की कळतं. रिंग फक्त त्यालाच देऊ नका, प्रत्येक गटात एकेक द्या. नाहीतर तो ‘रिंगवाला’ म्हणून ओळखला जाईल, आणि पोरं असल्या बाबतीत फार हुशार असतात.

सूचनेचं भाषण

‘आता तुम्ही तिकडे जाल, बॉल घ्याल, पण आधी गट करा, आणि हो, कालसारखं करायचं नाही...’ या वाक्यातलं लक्ष उडणाऱ्या मुलापर्यंत एकच पोहोचतं: बॉल घ्या. ऐकलेल्या तीन-चार पायऱ्या डोक्यात धरून ठेवणं त्याला जड जातं. तो मुद्दाम ऐकत नाही, असं नव्हे.

सूचना पंधरा सेकंदांत संपवा आणि तीनच गोष्टी सांगा: कुठे जायचं, काय करायचं आणि कधी थांबायचं. ‘निळा कोन. तिघं. दो सीटी पे बदल.’ (आपल्याकडे मुलं घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदी आणि पाटीवर इंग्रजी वाचतात. सूचना कोणत्याही भाषेत द्या, पण इशाऱ्याचा शब्द वर्षभर तोच ठेवा.) आधी एका गटाकडून करून दाखवा, चेंडू त्यानंतरच वाटा, हातात चेंडू असलेलं मूल ऐकत नाही. आणि उन्हाकडे तोंड तुम्ही करा, मुलांना पाठ करू द्या. डोळे मिचकावणाऱ्या वर्गाकडून लक्षाची अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

‘समजलं का?’ या प्रश्नाला सगळा वर्ग ‘होऽऽ’ म्हणतो, त्यातून काहीच कळत नाही. त्या मुलाजवळून जाता जाता हळूच विचारा, ‘पहिलं काय करणार?’ त्याने सांगितलं तर त्याला सुरू करू द्या. नाही सांगता आलं तर तेवढी एकच पायरी पुन्हा सांगा. सगळ्यांसमोर नको.

मधला वेळ मोकळा सोडणं

ड्रिबलिंग संपलं, आता खो-खो. ‘चला, खो-खोच्या ग्राउंडवर’ म्हटलं की मधली तीन मिनिटं जत्रा. एक मिनिट आधी सांगा, ‘आणखी दोन पाळ्या.’ मग जाण्यालाच काम बनवा: प्रत्येक गटाने एक कोन उचलायचा, बाजूबाजूने सरकत खांबापर्यंत जायचं, वीस मोजून व्हायच्या आत. मोजणं वर्गानेच करायचं. पोहोचल्यावर कुठे थांबायचं, तेही चुन्याच्या खुणेने ठरवून ठेवा.

खो-खोत या मुलांची खरी कसोटी लागते. आठ जण पाटीवर एकाआड एक उलट्या दिशेला तोंड करून बसतात, मागून स्पर्श आणि ‘खो’ मिळेपर्यंत उठायचं नाही, आणि एकदा दिशा घेतली की खांब ओलांडेपर्यंत मागे वळता येत नाही. म्हणजे वाट बघा, मोह आवरा आणि ठरवलेलं बदलू नका, हे तिन्ही एकदम. तो आधीच उठतो, फाऊल होतो आणि टीम त्याच्यावर चिडते. सरावाला आठऐवजी चारच जण बसवा आणि 90 सेकंदांत डाव बदला. चारांत त्याची पाळी पटापट येते. एक-दोन आठवड्यांत आधी उठणं कमी झालं, तरच सहा जण करा. नाही झालं तर चारच राहू द्या, स्पर्धेला अजून वेळ आहे.

डॉजबॉलसारख्या बाद होऊन बाहेर बसायच्या खेळांत हाच मुलगा बहुधा सगळ्यांत आधी बाहेर जातो. बाद झालेल्याने रेषेबाहेर दहा उड्या मारून पुन्हा आत यायचं, असा नियम सगळ्यांसाठीच ठेवा.

निदान आपण करायला जाऊ नये

‘याला एडीएचडी आहे’ हे पालकांना सांगणं खेळाच्या शिक्षकाचं काम नाही. तशी लक्षणं शाळा आणि घर अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात, आणि निदान डॉक्टर करतात. आपण तारीख घालून तीन ओळी लिहून द्यायच्या: काय चालू होतं, तो किती वेळ टिकला आणि काय बदलल्यावर जमलं. ‘रांगेत दोन मिनिटांनी निघून गेला, तिघांच्या गटात पंधरा मिनिटं टिकला’ ही नोंद ‘फार चंचल आहे’ यापेक्षा डॉक्टरांच्या जास्त उपयोगी पडते.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखा. खेळता खेळता मूल एकाएकी गोठतं, काही सेकंद एकटक बघतं, खांद्याला हात लावला तरी भानावर येत नाही आणि मग काहीच झालं नाही असं पुन्हा पळायला लागतं. असं पुन्हा पुन्हा होत असेल तर ते लक्ष उडणं नसून फिट्सचा एक प्रकार असू शकतो. तेव्हा सूचना छोटी करून भागणार नाही. त्याच दिवशी पालकांना फोन करा, आणि ते किती सेकंद चाललं तेही सांगा.