रेटिक्युलोसाइटपासून सीडीएनए कसा करावा, आणि त्याची लायब्ररी जिनोमिक लायब्ररीहून वेगळी का असते

अस्थिमज्जेतून नुकत्याच रक्तात आलेल्या कोवळ्या तांबड्या पेशीला रेटिक्युलोसाइट म्हणतात. तिच्यात केंद्रक उरलेले नसते, म्हणजे गुणसूत्रेही नसतात, पण ग्लोबिन प्रथिन बनवणारा संदेशवाहक आरएनए (एमआरएनए) आणखी एक-दोन दिवस टिकून असतो. त्यामुळे या पेशींपासून जिनोमिक लायब्ररी, म्हणजे पेशीच्या संपूर्ण डीएनएच्या तुकड्यांचा जिवाणूंत ठेवलेला संच, करता येत नाही. एमआरएनएवरून विणलेल्या डीएनएची, म्हणजे सीडीएनएची, लायब्ररी मात्र उत्तम होते. या लेखात बीटा-ग्लोबिनचा सीडीएनए तयार करण्याची रीत दिली असून दोन लायब्ररींमधील फरक त्याच जनुकाच्या आधाराने मांडला आहे.

पहिले काम पांढऱ्या पेशी वेगळ्या करण्याचे. त्यांना केंद्रक असते आणि त्यांचा जिनोमिक डीएनए पुढे नमुन्यात मिसळला तर निष्कर्ष बिघडतात. उरलेल्या तांबड्या पेशी ग्वानिडिनियम थायोसायनेट असलेल्या द्रावणात फोडाव्यात. हे रसायन प्रथिनांची घडी मोडते आणि त्यामुळे आरएनए तोडणारी आरएनेझ विकरेही तत्काळ निकामी होतात. ही विकरे आपल्या हाताच्या त्वचेवर असतात आणि त्यांतील काही उकळूनही पूर्ण मरत नाहीत, म्हणून हातमोजे वारंवार बदलावेत आणि आरएनेझमुक्त पाणी व टिपाच वापराव्यात. मिळालेल्या आरएनएवर डीएनेझची प्रक्रिया करून उरलासुरला डीएनए संपवावा. नंतर थोडा आरएनए जेलवर चालवून पाहावा: २८एस आणि १८एस हे दोन पट्टे स्पष्ट दिसले आणि वरचा पट्टा खालच्याच्या सुमारे दुप्पट उजळ असला तर आरएनए अखंड आहे, तळाशी धूसर फराटा दिसला तर तो नमुना टाकून द्यावा. तुटलेल्या आरएनएपासून पूर्ण लांबीचा सीडीएनए कोणत्याही युक्तीने मिळत नाही.

जेलवर दिसणारे हे दोन पट्टे रायबोसोमच्या आरएनएचे असतात. एकूण आरएनएमध्ये एमआरएनएचा वाटा सहसा १ ते ५ टक्केच असतो. तो निवडून काढायला त्याची शेपटी उपयोगी पडते. एमआरएनएच्या टोकाला अ‍ॅडेनीनची लांब माळ असते, त्यामुळे थायमिनची छोटी साखळी, म्हणजे ऑलिगो-डीटी प्रायमर, तिथेच जाऊन बसतो. रायबोसोमच्या आरएनएला अशी शेपटी नसते.

आता मुख्य अभिक्रिया. थंड नळीत १ मायक्रोग्रॅम आरएनए, अर्धा मायक्रोग्रॅम ऑलिगो-डीटी आणि चारही न्यूक्लिओटाइडांचे (प्रत्येकी १० मिलिमोलर) १ मायक्रोलिटर मिश्रण घेऊन पाण्याने एकूण १२ मायक्रोलिटर करावे. नळी ६५ अंश सेल्सिअसला ५ मिनिटे ठेवून लगेच बर्फात बुडवावी. उष्णतेने आरएनएच्या स्वतःवरच पडलेल्या घड्या सुटतात आणि बर्फामुळे त्या पुन्हा पडण्याआधी प्रायमर शेपटीवर बसतो. यानंतर पाचपट बफर ४ मायक्रोलिटर, ०.१ मोलर डीटीटी २ मायक्रोलिटर आणि आरएनेझ-रोधक १ मायक्रोलिटर घालून नळी दोन मिनिटे ३७ अंशांवर ठेवावी, आणि शेवटी रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेझची २०० एकके १ मायक्रोलिटरमध्ये घालावीत. याच तापमानावर ५० मिनिटांत आरएनएवरून डीएनएचा एक धागा विणला जातो; मग ७० अंशांवर १५ मिनिटे ठेवून विकर थांबवावे. नेहमी वापरले जाणारे हे विकर उंदरातील ल्युकेमिया घडवणाऱ्या मोलोनी विषाणूचे आहे. असे विकर अस्तित्वात असल्याचे १९७० मध्ये हॉवर्ड टेमिन आणि सातोशी मिझुतानी यांनी, आणि स्वतंत्रपणे डेव्हिड बाल्टिमोर यांनी दाखवले.

एवढ्यावर पीसीआर करता येतो. लायब्ररी हवी असेल तर मात्र सुरुवातच शेपटीवाला आरएनए वेगळा करून, त्याच्या काही मायक्रोग्रॅमपासून करावी लागते. ७० अंशांची पायरी गाळावी आणि नळी बर्फात ठेवून दुसरा धागा बनवायला घ्यावा. आरएनेझ एच हे विकर डीएनएला चिकटलेल्या आरएनएला जागोजागी चिरा पाडते, उरलेले तुकडे प्रायमरचे काम करतात, डीएनए पॉलिमरेझ १ त्यांच्यापुढे नवा धागा वाढवते आणि लायगेझ सांधे जोडते. हे सुमारे १६ अंशांवर दोन तास चालते. मग टी४ डीएनए पॉलिमरेझने टोके सपाट करून त्यांना अ‍ॅडाप्टर जोडतात, तुकडे वाहक डीएनएत बसवतात आणि जिवाणूंत सोडतात. प्रत्येक वसाहतीत एक तुकडा, अशा सर्व वसाहतींचा संच म्हणजे लायब्ररी.

एक नियंत्रण नळी कधीही टाळू नये: सर्व काही घातलेली, फक्त रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेझ नसलेली. मी एकदा घाईत ही नळी वगळली आणि मिळालेला पट्टा सीडीएनएचा समजून दोन आठवडे पुढे काम केले. तो डीएनेझमधून वाचलेल्या जिनोमिक डीएनएचा होता. प्रायमर नीट निवडले असते तर चूक पहिल्याच जेलवर दिसली असती. बीटा-ग्लोबिनचे जनुक सुमारे १६०० बेसजोड्यांचे आहे. त्यात तीन एक्सॉन आणि त्यांच्यामध्ये १३० व ८५० बेसजोड्यांचे दोन इंट्रॉन आहेत, जे एमआरएनए पक्व होताना कापून काढले जातात. म्हणून एक प्रायमर पहिल्या एक्सॉनवर आणि दुसरा तिसऱ्यावर ठेवला, तर सीडीएनएवरून समजा ३०० बेसजोड्यांचा तुकडा मिळतो आणि जिनोमिक डीएनएवरून १२८०चा.

दोन लायब्ररींतील मुख्य फरक याच ९८० बेसजोड्यांत आहे. जिवाणूला इंट्रॉन कापता येत नाहीत, त्यामुळे जिनोमिक तुकडा वाहकात नेमका बसला तरी त्यावरून योग्य ग्लोबिन बनत नाही. सीडीएनएवरून बनू शकते, मात्र जिवाणूचा प्रमोटर आपण जोडावा लागतो, कारण जनुकाचा स्वतःचा प्रमोटर एमआरएनएत नसतोच. उलट प्रमोटर किंवा इंट्रॉनचा अभ्यास करायचा असेल तर सीडीएनए लायब्ररी निरुपयोगी ठरते.

दुसरा फरक मोजणीचा आहे. हवे असलेले जनुक P इतक्या संभाव्यतेने सापडण्यासाठी लागणाऱ्या क्लोनांची संख्या अशी काढतात:

```
N = ln(1 - P) / ln(1 - f)
```

यात f म्हणजे त्या जनुकाचा तुकडा एका क्लोनमध्ये असण्याची शक्यता. माणसाचा जिनोम सुमारे ३०० कोटी बेसजोड्यांचा, आणि तुकडा २० हजारांचा धरला, तर ९९ टक्के खात्रीसाठी सुमारे ६ लाख ९० हजार क्लोन लागतात. जिनोमिक लायब्ररीत जवळपास प्रत्येक जनुक समप्रमाणात असल्याने ही संख्या रक्त, यकृत किंवा त्वचा कुठल्याही पेशींसाठी तीच राहते. सीडीएनए लायब्ररीत मात्र जो एमआरएनए पेशीत जास्त, त्याचे क्लोनही जास्त. रेटिक्युलोसाइटमध्ये ग्लोबिनचेच संदेश प्रचंड असतात. बीटा-ग्लोबिनचा वाटा दहावा हिस्सा धरला तरी ४४ क्लोन पुरतात. पण तीस हजारांतील एखादाच संदेश असेल तर सुमारे १ लाख ३८ हजार क्लोन तपासावे लागतील, आणि जो संदेश त्या ऊतीत बनतच नाही तो कितीही मोठ्या लायब्ररीत सापडणार नाही.

याखेरीज ऑलिगो-डीटीची एक मर्यादा आहे. वाचन शेपटीकडून सुरू होते आणि विकर वाटेत गळून पडते, त्यामुळे अनेक क्लोनांत आरएनएचा सुरुवातीचा भाग हरवलेला असतो. ग्लोबिनचा आरएनए सुमारे ६२६ न्यूक्लिओटाइडांचा, म्हणजे आखूड असल्याने तो बहुधा पूर्ण वाचला जातो. काही हजार लांबीच्या आरएनएसाठी क्लोनचे सुरुवातीचे टोक स्वतंत्रपणे तपासावे.

कोणती लायब्ररी घ्यावी हे भारतात बीटा थॅलसेमियाचे सर्वाधिक आढळणारे उत्परिवर्तन चांगले दाखवते. ते पहिल्या इंट्रॉनच्या पाचव्या स्थानी आहे, तिथे G ऐवजी C येतो. ते अक्षर बदललेले पाहायचे असेल तर जिनोमिक डीएनएच वाचावा लागतो, कारण सामान्य कापणीत ते इंट्रॉनबरोबरच गळून जाते. सीडीएनएमध्ये मात्र त्या बदलामुळे कापणी जवळच्या चुकीच्या जागी झाल्याचे दिसते: काही क्लोनांत पहिल्या एक्सॉनचा शेवट तुटलेला असतो, तर काहींत इंट्रॉनचा छोटा तुकडा शिल्लक राहिलेला असतो.