निर्देशांकाचा पुट: संरक्षणाचा हिशेब आधी मांडावा

हातातले समभाग विकायचे नसतात, पण पुढचे दोन-तीन महिने अनिश्चित दिसतात, अशा वेळी मी निर्देशांकावरचा पुट ऑप्शन घेतो, म्हणजे निर्देशांक ठरलेल्या पातळीखाली गेला तर तेवढा फरक मिळवून देणारा करार. नवख्या गुंतवणूकदाराचे लक्ष बाजार कोसळल्यावर काय मिळेल याकडे असते. बाजार थोडासाच पडला तर काय होईल, हे मात्र तो क्वचितच तपासतो.

समजा, पोर्टफोलिओ 30 लाखांचा आहे, निर्देशांक 20,000 वर आहे आणि एका लॉटमध्ये 50 एकके असल्याने लॉटचे मूल्य 10 लाख होते. वरवर पाहता तीन लॉट पुरेसे वाटतात. परंतु आपले समभाग निर्देशांकापेक्षा जास्त हलत असतील आणि त्यांचा बीटा 1.2 असेल, म्हणजे निर्देशांक 1 टक्का हलला की ते 1.2 टक्के हलत असतील, तर संरक्षण 36 लाखांचे, म्हणजे 3.6 लॉटचे लागते. लॉट अपूर्णांकात मिळत नाहीत, म्हणून चार घेतले असे धरू. तीन महिन्यांनी संपणारा, 19,000 स्ट्राइकचा, म्हणजे 19,000 च्या खालच्या घसरणीची भरपाई देणारा पुट 300 अंकांना मिळाला, तर एकूण प्रीमियम, म्हणजे पुटची किंमत, 60,000 होतो, म्हणजे पोर्टफोलिओच्या 2 टक्के. दर तिमाहीला याच भावाने हेच करत राहिल्यास वर्षाकाठी सुमारे 8 टक्के जातात. असे संरक्षण, म्हणजे हेजिंग, कायमचे ठेवणे मला परवडणारे वाटत नाही, ते यामुळेच.

मुदतीअखेर निर्देशांक 17,000 वर आला, तर बीटाच्या हिशेबाने समभागांत 5.4 लाखांचा तोटा होईल, पुटमधून 4 लाख मिळतील आणि प्रीमियम धरून निव्वळ तोटा 2 लाखांवर थांबेल. मात्र निर्देशांक नेमका 19,000 वर थांबला, तर समभागांतले 1.8 लाख तर जातातच, शिवाय प्रीमियमही बुडतो, आणि तोटा 2.4 लाख, म्हणजे 8 टक्के होतो. या रचनेतली सर्वांत वाईट जागा तीच आहे. (त्याखाली तोटा उलट कमी होत जातो, कारण आपण 3.6 ऐवजी चार लॉट घेतले आहेत.) हे 8 टक्के सोसवणार नसतील, तर वरच्या स्ट्राइकचा महाग पुट घ्यावा किंवा समभागच कमी करावेत.

पुटऐवजी निर्देशांकाचे फ्यूचर्स, म्हणजे पुढच्या तारखेचा व्यवहार आजच्या ठरलेल्या भावाने करणारे करार, विकल्यास प्रीमियम लागत नाही, पण बाजार चढला तर तो नफा हातचा जातो आणि मार्जिनसाठी, म्हणजे व्यवहारामागच्या अनामत रकमेसाठी, रोज रोकड तयार ठेवावी लागते. वरच्या स्ट्राइकचा कॉल, म्हणजे निर्देशांक त्या पातळीवर गेला तर फरक देणारा करार, विकून पुटचा खर्च भागवता येतो. तिथेही वरच्या नफ्यावर मर्यादा येतेच.

प्रीमियम भीतीबरोबर फुगतो, त्यामुळे घबराट पसरल्यावर घेतलेला पुट महागात पडतो. अपेक्षित घटना पार पडली की व्होलॅटिलिटी, म्हणजे बाजाराला अपेक्षित असलेली चढउतार, उतरते आणि निर्देशांक किंचित पडूनही पुटचा भाव घसरू शकतो.

शेवटी, बीटा हा भूतकाळावरून काढलेला आकडा आहे. निर्देशांक स्थिर असताना आपले समभाग आठवड्यामागून आठवडा घसरत असतील, तर जोखीम त्या कंपन्यांची आहे आणि तिथे निर्देशांकाचा पुट उपयोगी पडत नाही.