एपिडेमिक कर्व्हवर सेमिनार देताय? आधी य-अक्षावर काय मोजलंय ते बघा

साथीच्या तपासणीवर मी पहिला सेमिनार दिला, तेव्हा चौथ्याच स्लाइडवर अडकलो. तपासणीच्या पायऱ्या पाठ होत्या, इन्सिडन्स आणि प्रिव्हॅलन्सच्या व्याख्याही पाठ होत्या. चुकला तो आलेख, आणि चूक अशी होती की तयारी करताना ती कुणालाच दिसली नाही.

मला सरावासाठी हिपॅटायटिस ए च्या साथीची लाइन लिस्ट मिळाली होती. वसतिगृहात २०० जण, त्यातले ३६ आजारी. पहिल्या रुग्णाची लक्षणं २० मार्चला सुरू झालेली, शेवटच्याची १२ एप्रिलला. मी रोज किती जण आजारी आहेत ते मोजलं आणि पट्ट्या काढल्या. शिखर आलं ६ एप्रिलला, त्या दिवशी २८ जण आजारी होते. हिपॅटायटिस ए चा सरासरी अधिशयन काळ २८ दिवसांचा. शिखरापासून तेवढे दिवस मागे गेलो आणि ठामपणे सांगितलं, संसर्ग ९ मार्चच्या सुमारास झाला.

परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला. "मग तुमचा पहिला रुग्ण किती दिवसांत आजारी पडला?"

९ मार्च ते २० मार्च म्हणजे ११ दिवस. या आजाराचा किमान अधिशयन काळच १५ दिवसांचा आहे. उत्तर माझ्याकडे नव्हतं.

घोळ इथे होता. रोज आजारी असलेल्यांची संख्या म्हणजे प्रिव्हॅलन्स. त्यात आज आजारी पडलेला येतो आणि दहा दिवसांपूर्वी आजारी पडून अजून बरा न झालेलाही येतो. जुने रुग्ण साचत जातात, म्हणून शिखर उजवीकडे सरकतं आणि पसरट होतं. एपिडेमिक कर्व्हमध्ये प्रत्येक रुग्ण एकदाच मोजायचा, त्याची लक्षणं ज्या दिवशी सुरू झाली त्या दिवशी. दाखल झाल्याची तारीख नाही, रिपोर्ट आल्याची तारीख नाही. कर्व्ह म्हणजे नव्या रुग्णांचं चित्र, म्हणजेच इन्सिडन्स.

त्याच यादीतून लक्षणांच्या तारखा घेऊन पुन्हा पट्ट्या काढल्या, तेव्हा शिखर २९ मार्चला आलं. तिथून २८ दिवस मागे गेलं की १ मार्च. पहिल्या रुग्णापासून किमान काळ, म्हणजे १५ दिवस मागे गेलं की ५ मार्च. संसर्ग शोधायचा तो १ ते ५ मार्चच्या दरम्यान. ९ मार्च धरून चाललो असतो तर त्या आठवड्यातलं पाणी आणि जेवण तपासत बसलो असतो, आणि खरा स्रोत हातातून निसटला असता. तुम्हीही हा ताळा जरूर करा: तुम्ही काढलेली संसर्गाची तारीख आणि पहिला रुग्ण यांत किमान अधिशयन काळाएवढं अंतर आहे का? नसेल तर तारखांचा रकाना पुन्हा बघा, किंवा तो पहिला रुग्ण याच साथीतला आहे का ते तपासा.

तयार स्लाइड्स घेऊन त्यात आपले आकडे भरू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. सांगाड्यात कोणता रकाना गेला ते कळतच नाही. आणि गाईड नुसतं "छान झालंय" म्हणाले तर त्यांच्यासमोर लाइन लिस्ट उघडून एक पट्टी हाताने मोजून दाखवा. माझे गाईड चांगलेच होते, पण आम्ही दोघांनीही फक्त आलेखाचा आकार पाहिला.

यानंतर हमखास येणारा प्रश्न भाजकाचा. वसतिगृहातल्या २० जणांच्या रक्तात या विषाणूविरुद्धच्या जुन्या अँटिबॉडी आढळल्या होत्या, म्हणजे त्यांना धोका नव्हता. म्हणून अटॅक रेट ३६ भागिले १८०, म्हणजे २० टक्के. ६ एप्रिलचा प्रिव्हॅलन्स मात्र २८ भागिले २००, म्हणजे १४ टक्के, कारण तिथे सगळेच मोजले जातात. अटॅक रेट नावाने रेट असला तरी ते प्रमाण आहे, हेही विचारतात. आणि P ≈ I × D हे सूत्र इथे लावू नका, ते आजार स्थिर असताना चालतं. साथीत इन्सिडन्स रोज बदलत असतो.

घाबरू नका, यातलं काहीच अवघड नाही. मला हे समजायला एक संध्याकाळ पुरली, फक्त ती सेमिनारनंतरची होती.

शेवटचा प्रश्न बहुधा "साथ संपली का?" असा असतो. कर्व्ह उतरताना दिसला की पटकन हो म्हणावंसं वाटतं. माझी यादी २० एप्रिलला बंद झाली होती. नुकत्याच आजारी पडलेल्यांची नोंद उशिरा येते, त्यामुळे उजवं टोक नेहमीच खरं असतं त्यापेक्षा बुटकं दिसतं. शिवाय रुग्णांच्या सहवासातल्यांना लागण झाली असेल, तर दुसरा छोटा उंचवटा एप्रिलच्या शेवटच्या पंधरवड्यात आणि त्यानंतर दिसला असता. माझ्या यादीत ते दिवस जवळजवळ नव्हतेच. तेव्हा उत्तर एवढंच: नव्या रुग्णांची संख्या घटताना दिसते, पण साथ संपली असं या यादीवरून म्हणता येत नाही.