बदललेला चेहरा की नुसती धूसर क्लिप? आमच्या चाचणीतली चूक

चेहरा बदललेले व्हिडिओ साध्या प्रेक्षकाला ओळखता येतात का, हे तपासायला मी विद्यार्थ्यांसोबत २४ क्लिप घेतल्या: १२ खऱ्या, १२ बदललेल्या. पहिल्याच फेरीत बहुतेकांनी जवळपास सगळ्या ओळखल्या. मला ते खटकलं. एका मुलीला विचारलं, कशावरून ओळखलंस? ती म्हणाली, "सर, खोट्या क्लिपमध्ये मागची भिंतही धूसर दिसते."

भिंत तर आम्ही बदललीच नव्हती! चेहरा बदलल्यावर ती क्लिप पुन्हा सेव्ह झाली होती, खरी मात्र मूळ फाइलच होती. म्हणजे लोक चेहरा नाही, पुन्हा सेव्ह करताना कॉम्प्रेशनमुळे आलेली धूसरता ओळखत होते.

उपाय म्हणून खऱ्या क्लिपही चेहरा न बदलता त्याच सॉफ्टवेअरमधून सेव्ह केल्या. मग सगळ्यांवर हीच कमांड चालवली, म्हणजे प्रत्येक क्लिप जास्तीत जास्त ८ सेकंदांची, ४८० पिक्सेल उंच आणि आवाज बंद:

```
ffmpeg -i in.mp4 -t 8 -an -vf scale=-2:480 -c:v libx264 -crf 23 out.mp4
```

शिवाय प्रेक्षकांचे दोन गट केले. एकाच माणसाची खरी आणि बदललेली क्लिप कुणालाच दोन्ही दाखवली नाही, नाहीतर तुलनेनेच उत्तर मिळतं.

दुसऱ्या फेरीत एकाने जवळपास सगळ्या खोट्या पकडल्या, पण बहुतेक खऱ्या क्लिपनाही 'खोटी' म्हटलं. त्याला नजर नव्हती, संशय होता. म्हणून पकडलेल्या खोट्या आणि उगाच ठपका ठेवलेल्या खऱ्या, असे दोन आकडे प्रत्येकाचे वेगळे लिहा.