एनपीव्हीचा एकपानी गोषवारा विश्वस्तांना कळेना, तेव्हा

फोंड्याच्या आमच्या शाळेच्या छतावर सोलर बसवायचा प्रस्ताव दोन सभांत अडकला. आधी एनपीव्हीचा, म्हणजे पुढच्या बचतीची आजची किंमत वजा आजचा खर्च याचा, पूर्ण तक्ता दिला, मग आलेख. दोन्ही वेळा एकच प्रश्न: "हे पैसे बँकेत ठेवले तर?" वैताग आला, पण उत्तर त्याच प्रश्नात होतं.

मग पान असं लिहिलं. पहिली ओळ: आज खर्च ६ लाख, वीजबिलात वर्षाला १.२० लाख वाचतील, हिशेब ८ वर्षांचा. (पावसाळ्यात वीज कमी बनते, म्हणून बचत एखाद्या महिन्यावरून न काढता पूर्ण वर्षाची धरली.) दुसरी ओळ: दरवर्षी एवढेच पैसे ७ टक्क्यांच्या ठेवीतून काढून आठव्या वर्षी ती संपवायची, तर आज सुमारे ७.१७ लाख ठेवावे लागतील. तिसरी: तेच काम ६ लाखांत होतं, फरक १.१७ लाख, यालाच एनपीव्ही म्हणतात. चौथी: बचत १ लाखावर घसरली तर फायदा जवळपास शून्य.

एक्सेलमध्ये आठ वर्षांची बचत B3 ते B10 मध्ये लिहा आणि खर्च (B2, उणे चिन्हासह) कंसाबाहेरच ठेवा, नाहीतर तोही वर्षभर पुढे ढकलला जातो आणि उत्तर १.०९ लाख येतं:

```
=NPV(7%,B3:B10)+B2
```

तिसऱ्या सभेत चर्चा फक्त चौथ्या ओळीवर झाली.