सीआरएआर पंधरा टक्के, तरी पावसाळ्यात रोकड कमी पडते: या चुका टाळा

कोकणातल्या छोट्या सहकारी बँकेत ताळेबंद आला की संचालकांची पहिली नजर सीआरएआरवर जाते. आकडा बरा दिसला की विषय मंजूर. पहिली चूक इथेच होते. भांडवल पर्याप्ततेचं हे प्रमाण तोटा सोसायची ताकद सांगतं. काउंटरवर द्यायला पैसे आहेत का, हे नाही.

हिशेबापुरती एक काल्पनिक बँक घेऊ. ठेवी १०० कोटी, भांडवल ९ कोटी. कर्जं ६५ कोटी, त्यातली बरीचशी पंधरा-वीस वर्षांची: घरकर्जं आणि मालवण-गुहागरकडचे होमस्टे. सरकारी रोखे २५ कोटी, सगळे दहा वर्षांचे. रोकड आणि इतर बँकांतली शिल्लक १५ कोटी, बाकी ४ कोटी इमारत वगैरे. प्रत्येक मालमत्ता तिच्या जोखमीप्रमाणे कमी-जास्त मोजून येणारी जोखीमभारित मालमत्ता ६० कोटी धरली, तर ९ भागिले ६०, म्हणजे सीआरएआर १५ टक्के. पण ७० कोटींच्या ठेवी वर्षाच्या आत परत मागता येणाऱ्या.

दुसरी चूक म्हणजे मे महिन्याची बचत शिल्लक कायमची समजणं. हापूसचे पैसे तेव्हा खात्यात आलेले असतात. पुढे जून-जुलैची मासेमारी बंदी, जाळ्यांची डागडुजी, शाळेच्या फिया आणि मग गणपती. या चार महिन्यांत खाती रिकामी होतात. ‘आपले ठेवीदार जुने, कुठे जातात?’ हे ऐकायला छान, पण जुना ठेवीदारसुद्धा गणपतीला पैसे काढतोच.

समजा १८ कोटी गेले आणि हप्त्यांची वसुली नव्या कर्जवाटपात संपली. सीआरआर, म्हणजे नियमाने राखून ठेवावी लागणारी रोकड, आणि रोजचा गल्ला यांच्यापुरते ४ कोटी बाजूला ठेवले, तर हाताशी ११ उरतात. रोख्यांपैकी १८ कोटी एसएलआरसाठी, म्हणजे नियमाने सरकारी रोख्यांसारख्या गुंतवणुकीत ठेवाव्या लागणाऱ्या हिश्शासाठी, अडकलेले धरले, तर विकता येतील फक्त ७ कोटींचे. दरम्यान व्याजदर दोन टक्क्यांनी चढले असतील तर अशा रोख्यांची किंमत साधारण १३-१४ टक्क्यांनी उतरते, हाती येतात सुमारे ६ कोटी. एक कोटी कमी पडले, आणि एक कोटीचा तोटा होऊनही सीआरएआर अजून १३.३ टक्के!

हा तोटा आधी दिसला नाही, कारण मुदतीपर्यंत धरायचे रोखे बाजारभावाने मांडले जात नाहीत. अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक मार्च २०२३ मध्ये अशाच लांब रोख्यांपायी अडकली.

उपाय फार अवघड नाही. बचतीतला टिकाऊ हिस्सा मागच्या काही वर्षांच्या सप्टेंबरमधल्या नीचांकावरून ठरवा, मेवरून नको. उरलेली रक्कम, कोणते पैसे कधी द्यायचे-यायचे ते दाखवणाऱ्या मुदतनिहाय तक्त्यात, जवळच्या मुदतीच्या खान्यात टाका. एसएलआरच्या वरचे पैसे दहा वर्षांच्या रोख्यांत न गुंतवता ऑगस्टच्या सुरुवातीला पिकणाऱ्या ९१ किंवा १८२ दिवसांच्या ट्रेझरी बिलांत ठेवा. परतावा कमी मिळतो, त्यावरून सभेत कुरकुर होईल. होऊ द्या.