दोन्ही फॉण्ट 12 पॉइंट, मग एकातला मजकूर बारीक का?

गिरगावात डीटीपीचं काम करताना गिऱ्हाइकांची ठरलेली तक्रार ऐकतो, "साइज 12च ठेवलाय ना? मग हा बारीक का दिसतोय?" नव्याने या कामात येणाऱ्यांनाही हाच प्रश्न पडतो.

याचं मूळ जुन्या छपाईतल्या शिशाच्या खिळ्यांत आहे. खिळा म्हणजे शिशाचा छोटा ठोकळा. अक्षर ठोकळ्याच्या डोक्यावर असायचं आणि पॉइंटात मोजला जायचा तो ठोकळा, अक्षर नव्हे. 12 पॉइंटच्या ठोकळ्यावर अक्षर केवढं कोरायचं, हे कोरणारा ठरवायचा. आता ठोकळा राहिला नाही, पण प्रत्येक फॉण्टमध्ये तेवढ्याच उंचीचा अदृश्य चौकोन असतो. तोच एम. म्हणून 12 पॉइंटच्या मजकुरात एक एम म्हणजे 12 पॉइंट, आणि साइज 18 केली की 18. परिच्छेदाची सुरुवातीची जागा एममध्ये दिली, तर साइज बदलल्यावर ती आपोआप बदलते.

बाकी हिशोब सोपा आहे. संगणकावर 72 पॉइंटांचा एक इंच, 12 पॉइंटांचा एक पायका. इनडिझाइनमध्ये 3p6 दिसलं तर ते 3 पायका 6 पॉइंट, म्हणजे 42 पॉइंट. कॉलमची रुंदी पायकात सांगणारे जुने लोक मुंबईत अजून भेटतात.

इंग्रजीत टाइम्स न्यू रोमनचा छोटा x एमच्या साधारण 45 टक्के उंच असतो, व्हर्डानाचा 54-55 टक्के. त्यामुळे 12 पॉइंटचं व्हर्डाना मोठं वाटतं. देवनागरीत फरक आणखी जाणवतो, कारण वर रफार-वेलांटी आणि खाली उकार-जोडाक्षरं यांनाही जागा हवी. फॉण्ट बनवणारा कुणी त्यासाठी मूळ अक्षर लहान करतो, कुणी मात्रा एमच्या बाहेर जाऊ देतो.

मग करायचं काय? दोन्ही फॉण्टमध्ये "प" 72 पॉइंटला छापा. प्रिंट 100 टक्क्यांवरच काढा. "फिट टू पेज" राहिलं तर दोन्ही अक्षरं सारख्याच प्रमाणात बदलतील, पण पट्टीवरचा आकडा खोटा ठरेल. शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत मोजा. समजा पहिल्यात 14 मिलिमीटर आणि दुसऱ्यात 12 भरले. तर पहिल्याच्या 12 पॉइंटला जुळायला दुसरा 12 × 14 ÷ 12, म्हणजे 14 पॉइंट हवा. उंची जुळली तरी जाडी आणि रुंदी जुळेलच असं नाही, तेव्हा एक परिच्छेद छापून बघाच. माझा भरवसा स्क्रीनपेक्षा कागदावर.

साइज वाढवल्यावर ओळींमधलं अंतर, म्हणजे लेडिंग, जुनंच ठेवू नका. ते 15 पॉइंटवर पक्कं केलेलं असेल, तर 14 पॉइंटच्या मजकुरात वरच्या ओळीतल्या "कृ"च्या खाली "र्ती" आली की ऋकार आणि रफार एकमेकांत घुसतात. तपासायला असेच दोन शब्द मुद्दाम एकाखाली एक टाका, आणि ते सुटे दिसेपर्यंत लेडिंग अर्ध्या-अर्ध्या पॉइंटने वाढवत न्या.